कम्युनिटी नर्स पद, इंदूर: काम, पगार आणि नोंदणीची कागदपत्रं

आमच्या धर्मादाय दवाखान्यात कम्युनिटी नर्सचं एक पद भरायचं आहे. निवड समितीत असल्यामुळे उमेदवारांचे प्रश्न माझ्याकडे येतात. त्यातले निम्म्याहून जास्त नोंदणीबद्दलचे असतात, आणि ते विचारणाऱ्या बहुतेक जणी जळगाव, भुसावळ, अकोला या भागात नर्सिंग शिकून लग्नानंतर इंदूरला आलेल्या असतात. म्हणून काम आणि पगार आधी सांगतो, आणि नोंदणीवर सविस्तर लिहितो.

काम वस्तीतलं आहे, वॉर्डातलं नाही. परदेशीपुरा, नंदानगर आणि मालवा मिलच्या आसपासच्या गल्ल्यांतून घरोघरी जायचं. बीपी आणि साखर तपासणं, मधुमेहाच्या रुग्णाचे पाय बघणं, जखमेचं ड्रेसिंग, घरी आणलेल्या रुग्णाच्या कॅथेटरची देखभाल, बाळंतिणीची विचारपूस आणि टीबीच्या गोळ्या रोज घेतल्या जातात की नाही हे बघणं, हे रोजचं काम. दुपारनंतर दवाखान्यात बसून रजिस्टर भरायचं. आशा ताई आणि एएनएम त्यांचं काम करतातच. त्यांच्याशी जुळवून घ्यावं लागेल, पण लसीकरण आमच्याकडे नाही. रुग्ण हिंदी किंवा मालवी बोलतात, तेव्हा हिंदी चांगली हवी.

काय करायचं नाही, तेही जाहिरातीत मुद्दाम लिहिलं आहे. वस्तीत गेलं की अंगात कणकण असलेला माणूस ‘दीदी, बॉटल चढा दो’ म्हणतोच. डॉक्टरांच्या लेखी आदेशाशिवाय सलाइन, इंजेक्शन किंवा अँटिबायोटिक द्यायचं नाही, आणि घरी बाळंतपण करायचं नाही. वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावायचं नाही. ती तिथल्या तिथे पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात टाकायची आणि डबा दवाखान्यात परत आणायचा. हिपॅटायटिस-बीचे तीन डोस झालेले नसतील तर ते आम्ही देऊ.

वेळ सकाळी 9 ते 5, आठवड्यातले सहा दिवस, रात्रपाळी नाही. करार एक वर्षाचा, त्यातले पहिले तीन महिने प्रोबेशनचे. पगार महिना 18,000 रुपये: मूळ वेतन 15,000 आणि घरभाडं 3,000. मूळ वेतनाच्या 12 टक्के, म्हणजे 1,800 रुपये पीएफमध्ये जातात आणि तेवढेच आम्ही भरतो. ईएसआयचे 135 रुपये कापून हातात 16,065 येतात. वस्तीत फिरण्याचा खर्च वेगळा मिळतो. हा आकडा आधीच सांगतो, कारण ‘आकर्षक वेतन’ असं छापून मुलाखतीत गुळमुळीत बोलणं मला पटत नाही. संसार असलेल्या बाईला घरून निघण्याआधी हिशेब करता आला पाहिजे.

शिक्षण जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग. एएनएम झालेल्यांचा अर्ज या पदासाठी घेता येणार नाही, कारण इथे देखरेखीशिवाय एकटीने निर्णय घ्यावे लागतात. अनुभव दोन वर्षांचा. अनुभवाच्या दाखल्यावर रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख आणि विभाग हवा. ‘कामसू व मनमिळाऊ’ एवढंच लिहिलेला कागद आम्हाला उपयोगी पडत नाही.

आता नोंदणी. नर्सची नोंदणी राज्याच्या परिषदेत होते. महाराष्ट्रात शिकलेलीचं नाव मुंबईच्या महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलमध्ये असतं. मध्य प्रदेशात काम करायचं तर ते भोपाळच्या मध्य प्रदेश नर्सेस रजिस्ट्रेशन कौन्सिलमध्ये असावं लागतं. जुना नंबर चुकीचा ठरत नाही, पण इथे काम करायला तो पुरत नाही. त्यासाठी आधी मुंबईच्या परिषदेकडे ना-हरकत आणि पडताळणीसाठी अर्ज करायचा, आणि त्यांच्याकडून पत्र आलं की भोपाळला नोंदणीचा अर्ज करायचा. दोन्हीकडे शुल्क भरावं लागतं आणि वेळ जातो, म्हणून नोकरी शोधायला लागण्याआधीच हे सुरू करा. मुंबईचा अर्ज टाकण्यापूर्वी प्रमाणपत्रावरची वैधता बघा. नूतनीकरण राहून गेलं असेल तर ते पहिल्यांदा करून घ्यावं लागतं.

गेल्या भरतीत एका उमेदवाराच्या कागदांवर काय झालं ते सांगतो, कारण हा प्रकार दर वेळी येतो. जीएनएमच्या गुणपत्रिकेवर आणि परिषदेच्या प्रमाणपत्रावर तिचं माहेरचं नाव होतं: आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. आधार लग्नानंतर बदललेलं, त्यावर नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव. बँकेच्या पासबुकावर फक्त नाव आणि आडनाव, कारण इकडे मधलं नाव लिहायची पद्धतच नाही. शिवाय लग्नात तिचं स्वतःचं नावही बदललेलं. म्हणजे कागदांवर दोन वेगळ्या बायका दिसत होत्या, आणि पडताळणी करणाऱ्याला त्या एकच आहेत हे कळायला मार्ग नव्हता.

अशा वेळी फक्त आडनाव बदललं असेल तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र आणि प्रतिज्ञापत्र लावा, आमच्याकडे तेवढं चालतं. प्रतिज्ञापत्रात कागदांवर जसं लिहिलं आहे तसंच, प्रत्येक नाव अक्षरशः द्या आणि ‘ही सर्व नावे माझीच’ असं लिहा. पहिलं नावही बदललं असेल तर राजपत्रातली नावबदलाची नोंद लागेल. ती होईपर्यंत माहेरच्या नावानेच भोपाळला अर्ज करा, कारण मुंबईहून येणारी पडताळणी त्याच नावाने येते. नावबदल नंतर करता येतो.

भोपाळचा नंबर अजून आला नसेल तरी आमच्याकडे अर्ज करा. मुंबईच्या परिषदेचं वैध प्रमाणपत्र आणि भोपाळला केलेल्या अर्जाची पावती जोडा, मुलाखत होईल. नियुक्तीपत्र मात्र नंबर हातात आल्यावरच. त्याआधी वस्तीत पाठवलं आणि काही कमीजास्त झालं तर जबाबदारी उमेदवाराच्या अंगावर येते.

मध्य प्रदेशात शिकलेल्यांसाठी एकच जादा गोष्ट. इथल्या नर्सिंग कॉलेजांची चौकशी उच्च न्यायालयाच्या आदेशाने सीबीआयकडे गेली होती, त्यामुळे तुमच्या प्रवेशाच्या वर्षी कॉलेजला मान्यता होती की नाही हे आम्ही तपासतो. मान्यतेच्या पत्राची प्रत कॉलेजकडून मागून ठेवा.

महाराष्ट्राच्या जातीच्या दाखल्याबद्दलही विचारणा होते. या पदाला आरक्षण नाही, म्हणून तो लागत नाही. सरकारी भरतीत मात्र दुसऱ्या राज्याच्या दाखल्यावर इथे आरक्षणाचा लाभ मिळत नाही, लग्न इथे झालं असलं तरी.

अर्ज साध्या कागदावर, शुल्क नाही. सोबत दहावीची गुणपत्रिका, नर्सिंगची सगळी प्रमाणपत्रं, नोंदणी, अनुभवाचा दाखला, आधार आणि दोन फोटो, सगळ्या प्रती स्वतः सही केलेल्या. मूळ कागद मुलाखतीला आणा, आम्ही बघून लगेच परत देतो, ठेवून घेत नाही. मुलाखतीत एका रुग्णाचं बीपी हाताच्या यंत्राने घ्यायला आणि पायाच्या जखमेची नोंद रजिस्टरमध्ये लिहायला सांगू. नोंद मराठीत किंवा हिंदीत चालेल. जखमेची लांबी-रुंदी, रंग, वास आणि स्राव एवढं त्यात आलं पाहिजे.