तिसऱ्या लॉटला किती तास लागतील? दोन जॉबकार्डांवरून काढायचा हिशेब

भोसरी किंवा चाकणच्या एखाद्या छोट्या कारखान्यात नव्या डिझाइनच्या कंट्रोल पॅनेलची ऑर्डर आली आहे असं समजा. पहिला लॉट २० पॅनेलचा, त्याला ३६० तास लागले, म्हणजे नगामागे १८. दुसरा लॉट ३० पॅनेलचा, त्याला ३९० तास, म्हणजे नगामागे १३. आता गिऱ्हाईक ४० पॅनेलचा भाव मागतंय. (इथे तास म्हणजे एका माणसाचा एक तास. दोन वायरमन चार तास राबले तर ते आठ धरायचे.)

अशा वेळी हमखास ऐकू येणारा हिशेब असा: अठराचे तेरा झाले, म्हणजे ७२ टक्क्यांवर आले. तेराचे पुन्हा ७२ टक्के केले की साडेनऊच्या आत. चाळीस नगांना ३७६ तास, लावा कोटेशन. दिसायला तर्कशुद्ध आहे, पण मुळात चूक आहे. बरोबर हिशेब केला तर उत्तर ४५१ येतं. मधले ७५ तास मालकाच्या खिशातून जातात.

चूक कुठे आहे ते कळायला १९३६ सालात जावं लागतं. अमेरिकन विमान अभियंता थिओडोर पॉल राइट यांनी त्या वर्षी विमानांच्या खर्चावर एक निबंध प्रसिद्ध केला. (पहिलं विमान उडवणारे राइट बंधू वेगळे.) एकाच प्रकारची विमानं बनवत गेलं की मजुरीचे तास कमी होतात, हे तेव्हाही सगळ्यांना माहीत होतं. राइट यांनी दाखवलं ते कमी होण्याचं वळण. आतापर्यंत बनवलेल्या नगांची संख्या दुप्पट झाली की नगामागची सरासरी ठरावीक पटीत खाली येते. त्यांच्या आकड्यांत मजुरीसाठी ही पट साधारण ८० टक्के होती. म्हणजे १० नगांची सरासरी १०० तास असेल तर २० नगांची ८०, ४० नगांची ६४. या पटीला शिकण्याचा दर, कारखान्याच्या भाषेत लर्निंग रेट म्हणतात. आकडा जितका लहान तितकं शिकणं वेगवान, हे नीट लक्षात ठेवायला हवं. १०० टक्के दर म्हणजे कुणी काहीच शिकलं नाही.

दुप्पटच का, असा प्रश्न पडायला हवा. पॅनेलचंच बघा. पहिल्या नगाला वायरमन ड्रॉइंग उलगडून बसतो, डक्टमधून वायर कुठून न्यायची ते ठरवतो, लांबी मोजून एकेक तुकडा कापतो, फेरूलवर चुकीचा नंबर चढला म्हणून टर्मिनल पुन्हा उघडतो. पाचव्या-सहाव्या नगापर्यंत लांब्यांची यादी तयार होते आणि वायर एकदम कापून ठेवता येतात. विसाव्यापर्यंत फळीवर खिळे ठोकून हार्नेस बाहेरच बांधायची सोय झालेली असते. मोठी गळती आधी बुजते. उरतात त्या बारीक गोष्टी, आणि त्या सापडायला आधीपेक्षा जास्त नग हातांखालून जावे लागतात. म्हणून पहिल्या दोन नगांत जेवढी टक्केवारी सुधारते तेवढीच सुधारायला पुढे पन्नासाचे शंभर व्हावे लागतात. हा काही निसर्गनियम नव्हे. मोजून सापडलेलं वळण आहे, पण जुळणीच्या कामात ते बरंच टिकतं.

आता आपल्या आकड्यांकडे वळू. राइट यांच्या पद्धतीत लॉटची सरासरी बघायची नसते, पहिल्या नगापासूनची एकूण सरासरी बघायची असते. वीस नगांपर्यंत ती १८ आहे. पन्नास नगांपर्यंत ३६० अधिक ३९०, म्हणजे ७५० तास, भागिले ५०, बरोबर १५. अठराचे पंधरा झाले, म्हणजे ८३.३ टक्के. पण हा अजून शिकण्याचा दर झाला नाही, आणि इथेच दुसरी चूक होते. वीसाचे पन्नास म्हणजे एक दुप्पट नव्हे, अडीचपट. एका दुप्पटीत चाळीसपर्यंत पोचतो, पन्नासला जायला आणखी थोडी लागते. ही 'थोडी' लॉगॅरिदमने मोजायची: अडीचचा लॉग भागिले दोनचा लॉग, उत्तर १.३२. म्हणजे १.३२ दुप्पटींमध्ये सरासरी ८३.३ टक्क्यांवर आली. एका दुप्पटीला किती, तर ८७.१ टक्के. हा आपला दर.

पुढचा अंदाज याच पायऱ्या उलट चढून निघतो. तिसरा लॉट संपेल तेव्हा एकूण ९० नग झालेले असतील. पन्नासपासून नव्वद हे १.८ पट, म्हणजे ०.८५ दुप्पट. तेवढ्यात सरासरी १५ वरून १३.३४ वर येईल. नव्वद नगांचे एकूण १२०१ तास. त्यातले ७५० आधीच खर्ची पडले आहेत, उरले ४५१. नगामागे ११.३ तास. त्यानंतर साठ नगांचा चौथा लॉट आला तर याच रीतीने ६०७ तास, नगामागे १०.१. एक्सेलमध्ये दोन ओळी पुरतात. पहिली दर काढते, दुसरी तिसऱ्या लॉटचे तास:

```
=(15/18)^(LOG(2)/LOG(50/20))
=15*(90/50)^(LOG(0.8712)/LOG(2))*90-750
```

८३.३ लाच दर समजून दुसऱ्या ओळीत घातलं तर उत्तर ४०७ येतं. सूत्र बरोबर आणि कोटेशन तोट्यात, असा हा प्रकार. याउलट काही जण दर मोजतच नाहीत, 'इंडस्ट्रीत ८० टक्के धरतात' म्हणून मोकळे होतात. राइट यांचे ८० टक्के विमानांच्या सांगाड्यांचे होते. तुमच्या पॅनेलला ते लागू पडतील असं कुणी सांगितलं?

क्रॉफर्ड यांच्या नावाने ओळखली जाणारी आणखी एक पद्धत आहे. तिच्यात एकूण सरासरीऐवजी त्या-त्या नगाला लागणारा वेळ दुप्पटीगणिक घटतो असं मानतात. आपलेच आकडे तिच्यात घातले तर दर सुमारे ८६ टक्के आणि तिसरा लॉट सुमारे ४४६ तास. म्हणजे कुठलीही एक पद्धत घेतली तरी फारसं बिघडत नाही. एका पद्धतीचा दर दुसरीत घातला की मात्र बिघडतं. म्हणून कुणी नुसता '८५ टक्के' असा आकडा दिला तर तो कुठल्या पद्धतीचा, हे आधी विचारावं.

खरी अडचण वेगळी आहे. आपले दोन लॉट म्हणजे आलेखावरचे दोनच बिंदू, आणि दोन बिंदूंतून रेषा नेहमीच तंतोतंत जाते. आकडे चुकले असले तरी सूत्र तक्रार करत नाही, ऐटीत उत्तर देतं. पहिल्या लॉटच्या ३६० तासांत ४० तास कॉन्टॅक्टर आले नाहीत म्हणून माणसं बसून होती, आणि ते जॉबकार्डावर कामाचे म्हणून चढले, असं समजा. खरे तास ३२०. आता सरासरी १६ आणि १४.२, दर ९१.४ टक्के, आणि तिसरा लॉट ४७४ तास. जुन्या नोंदीतून ४० तास कमी केले आणि पुढचा अंदाज २३ तासांनी वाढला! पहिल्यांदा बघणाऱ्याला हे उलटं वाटतं, पण त्यात गूढ काही नाही. खाडे-खोळंबे धरून पहिला लॉट जितका फुगलेला, तितका उतार तीव्र दिसतो आणि शिकणं वेगवान भासतं. चौथ्या लॉटला हाच फरक ५५ तासांवर जातो.

म्हणून सूत्राआधी जॉबकार्ड साफ करायचं. मालाची वाट पाहिली ते तास वेगळे, जिग बनवायला गेलेले वेगळे, ड्रॉइंगमधल्या चुकीमुळे पुन्हा केलेलं काम वेगळं. हाय व्होल्टेज टेस्टसारखं ज्याला दर नगाला तेवढाच वेळ लागतो ते कामही बाजूला काढायचं, बाकीच्या तासांचा दर काढायचा आणि शेवटी तो ठरलेला वेळ परत मिळवायचा. नाहीतर सूत्र टेस्टिंगचे तासही कमी होतील असं गृहीत धरतं. साफसफाईनंतर एक सोपी पडताळणी करता येते. आपल्या ८७.१ टक्क्यांनुसार अगदी पहिल्या पॅनेलला सुमारे ३३ तास लागायला हवे होते, म्हणजे एका माणसाच्या चार शिफ्ट. सुपरवायझरला विचारा. त्याने 'छे, एकट्याने दोन दिवसांत केलं होतं' म्हटलं, तर नोंदी पुन्हा उघडा.

जाता जाता एक. पहिला लॉट रखडला कारण काम अमावास्येला सुरू केलं, दुसरा पाडव्याला धरला म्हणून भरभर झाला, अशी चर्चा चहाच्या टपरीवर रंगते. दुसरा लॉट कुठल्याही तिथीला धरा, माणसं तीच असतील तर तो भरभरच होतो. मुहूर्ताचा परिणाम तपासायचाच असेल तर पहिला लॉट पाडव्याला सुरू करून बघावा.

माणसं तीच, ही अट महत्त्वाची आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्या लॉटमध्ये पाच-सहा महिने गेले, दोन वायरमन सोडून गेले, तर शिकलेलं काही अंशी पुसलं जातं. ते किती पुसलं हे दोन आकड्यांतून कळत नाही, पण तिसरा लॉट सुरू झाला की लवकर कळतं. आपल्या दराने पहिल्या दहा नगांना, म्हणजे ५१ ते ६० क्रमांकांना, ११८ तास लागायला हवेत. जॉबकार्ड १३५ दाखवत असेल तर एकूण न बघता एकेका नगाचे तास ओळीने लिहा. पहिले तीन-चार नग जड आणि नंतरचे उतरत बाराच्या खाली आले असतील तर ती विसरण्याची भरपाई आहे. तेवढे तास एकदाच जास्तीचे धरायचे, दर तोच ठेवायचा. दहाही नग सारखेच साडेतेराच्या आसपास असतील तर दर चुकला आहे किंवा डिझाइनमध्ये काहीतरी बदललं आहे. मग आधी ड्रॉइंगचा रिव्हिजन नंबर बघा. तो बदलला नसेल तर ६० नग, ८८५ तास हा तिसरा बिंदू घेऊन तिन्ही बिंदू लॉग-लॉग कागदावर मांडा आणि उरलेल्या तीस नगांचा अंदाज नव्या उताराने काढा.