बावचीच्या बियापासून सीरमच्या बाटलीपर्यंत : बाकुचिऑलची पार्श्वभूमी

हल्ली सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानात सुरकुत्यांवर लावायच्या 'रेटिनॉलला नैसर्गिक पर्याय' म्हणून विकल्या जाणाऱ्या बाटल्यांवर एक नाव ठळक छापलेले असते : बाकुचिऑल. परदेशातून आल्यासारखे वाटणारे हे नाव निघाले आहे ते आपल्याकडच्या बावचीवरून, म्हणजे संस्कृतातल्या बाकुचीवरून. आणि हा रेणू पहिल्यांदा वेगळा झाला तो पुण्यात. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, म्हणजे पाषाण रस्त्यावरच्या एनसीएलमध्ये, सुख देव यांच्या गटाने बावचीच्या बियांतून तो काढला. गोवर्धन मेहता, रामदास नायक आणि सुख देव यांचा शोधनिबंध 1966 मध्ये प्रसिद्ध झाला. तेव्हा सुरकुत्यांचा विषयही नव्हता. निसर्गात टर्पीन आणि फिनॉल ही दोन वेगळ्या घराण्यांतली द्रव्ये बाकुचिऑलसारखी एकाच रेणूत जोडलेली कशी सापडतात, हे रसायनशास्त्रातले कोडे होते आणि त्या निबंधाचा रोख तिकडेच होता.

त्याआधी बावचीची ओळख वेगळ्याच कारणासाठी होती. आयुर्वेदात अवल्गुज, सोमराजी या नावांनीही ती येते आणि तिचा मुख्य उपयोग श्वित्रावर, म्हणजे पांढऱ्या कोडावर. बियांचा लेप लावायचा आणि तो भाग उन्हात धरायचा, अशी पद्धत. उन्हाशिवाय लेपाचा फारसा उपयोग होत नाही आणि ऊन जास्त झाले तर फोड येतात, हे वैद्यांना ठाऊक होते. त्यामागचे कारण 1930च्या दशकात समजू लागले. बियांत सोरॅलेन नावाचे द्रव्य असते. अतिनील किरण पडले की ते पेशींतल्या डीएनएला चिकटते, त्वचा लालबुंद होते आणि नंतर त्या जागी रंग चढू शकतो. आजची 'पुवा' उपचारपद्धती याच तत्त्वावर चालते, फक्त तिथे उन्हाऐवजी अतिनील किरण मोजून देतात आणि डॉक्टर समोर असतो.

म्हणजे एकाच बियात सोरॅलेनही आहे आणि बाकुचिऑलही आहे. पहिले उन्हात त्वचा जाळू शकते. दुसऱ्यात सोरॅलेनची ती रचनाच नाही, त्यामुळे शुद्ध केलेले बाकुचिऑल दिवसा लावता येते असे उत्पादक सांगतात. सगळी मेख त्या 'शुद्ध केलेले' या शब्दात आहे, आणि लेबल वाचताना ती पुन्हा आडवी येते.

सौंदर्यप्रसाधनांत बाकुचिऑल येण्याआधी मैदान रेटिनॉइडनी, म्हणजे अ जीवनसत्त्वाच्या गटातल्या द्रव्यांनी, व्यापलेले होते. अल्बर्ट क्लिगमन आणि सहकाऱ्यांनी 1986 मध्ये त्यातल्या ट्रेटिनॉइन या औषधामुळे उन्हाने वय चढलेली त्वचा सुधारते हे दाखवले आणि त्यानंतर या गटाच्या औषधांवर भरपूर काम झाले. रेटिनॉल हे ट्रेटिनॉइनचे सौम्य भावंड. त्वचेत ते दोन टप्प्यांत रेटिनॉइक अॅसिडमध्ये बदलते आणि मगच काम करते. त्याच्या बाजूने चांगला पुरावा आहे. मिशिगन विद्यापीठातल्या 2007च्या अभ्यासात 36 वृद्धांच्या (सरासरी वय 87) एका दंडाच्या आतल्या बाजूला 0.4 टक्के रेटिनॉलचे लोशन आणि दुसऱ्या दंडाला तेच लोशन रेटिनॉलशिवाय, असे 24 आठवडे लावले. आठवड्यातून जास्तीत जास्त तीनदा. रेटिनॉल लावलेल्या बाजूच्या बारीक सुरकुत्या स्पष्टपणे कमी झाल्या. ही 'रेटिनॉलशिवायची' बाजू लक्षात ठेवा, पुढे तिची गरज पडणार आहे.

रेटिनॉलचा त्रास मात्र खरा आहे. पहिल्या काही आठवड्यांत चुरचुर होते, सालपटे निघतात, त्वचा कोरडी पडते. शिवाय हवा आणि प्रकाश लागला की ते विघटते, आणि गरोदरपणात टाळायला सांगतात. त्यामुळे 'काम तेच, त्रास नाही' असे द्रव्य कोणी आणले तर बाजारपेठ तयारच होती.

ते आणणाऱ्यांत अमेरिकेतल्या सायथिऑन या कच्चा माल पुरवणाऱ्या कंपनीचे नाव मुख्य. तिचे संस्थापक रतन चौधरी यांनी क्रिस्तोफ बोयानोव्स्की यांच्यासोबत लिहिलेला निबंध 2014 मध्ये आला. प्रयोगशाळेत वाढवलेल्या त्वचेच्या नमुन्यावर बाकुचिऑल आणि रेटिनॉल वेगवेगळे लावून कोणती जनुके जागी होतात, कोणती मंदावतात हे त्यांनी पाहिले. दोन्हींचा आराखडा बराच जुळला, कोलॅजनशी संबंधित जनुकेही त्यात होती. रेणूंची रचना मात्र जुळत नाही, म्हणून त्यांनी 'रेटिनॉलसारखे कार्य करणारे' असा शब्दप्रयोग केला. सोबत काही स्त्रियांनी 0.5 टक्के बाकुचिऑलचे क्रीम दिवसातून दोनदा 12 आठवडे लावल्याचे निष्कर्षही होते. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, आणि लेखकांपैकी एक ते द्रव्य विकणाऱ्या कंपनीचे संस्थापक. म्हणून तो निबंध खोटा ठरत नाही, पण त्याच्यावर किती वजन टाकायचे हे ठरते. 'क्लिनिकली प्रूव्हन' हा शिक्का मात्र बाटल्यांवर दिसतो.

जाहिरातींना खरा दम दिला तो पुढच्या अभ्यासाने. ब्रिटिश जर्नल ऑफ डर्मॅटॉलॉजीत 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत 44 जण होते. एका गटाला 0.5 टक्के बाकुचिऑलचे क्रीम दिवसातून दोनदा, दुसऱ्याला 0.5 टक्के रेटिनॉलचे क्रीम दिवसातून एकदा, मुदत 12 आठवडे. चेहऱ्याचे फोटो सुरुवातीला, मग चौथ्या, आठव्या आणि बाराव्या आठवड्यात घेऊन संगणकाने मोजणी केली. कोणी काय लावले आहे हे माहीत नसलेल्या त्वचारोगतज्ज्ञाने डाग आणि लाली तपासली. दोन्ही गटांत सुरकुत्या आणि काळपटपणा कमी झाला, दोघांत लक्षणीय फरक आढळला नाही, आणि सालपटे व चुरचुर रेटिनॉलच्या गटात जास्त होती. बाकुचिऑलविषयी छापून आलेल्या बहुतेक मजकुराचा कणा हीच चाचणी आहे.

चाचणी नीट केलेली आहे. प्रश्न आहे तिच्यावरून काय म्हणता येते याचा. माझ्या मते तीन ठिकाणी जाहिरात चाचणीच्या पुढे धावते.

पहिले म्हणजे, इथे द्रव्याशिवायचे नुसते क्रीम लावणारा गट नव्हता. कोणतेही चांगले मॉइश्चरायझर तीन महिने लावले तर बारीक रेषा थोड्या भरून निघतातच. मिशिगनच्या अभ्यासात दुसरा दंड होता म्हणून रेटिनॉलचा वाटा वेगळा दिसला. इथे दोन्ही गट सुधारले, पण त्यातले किती बाकुचिऑलचे आणि किती क्रीमचे हे सांगता येत नाही.

दुसरे, 'फरक आढळला नाही' आणि 'दोन्ही सारखेच आहेत' यांत अंतर आहे. प्रत्येक गटात साधारण बावीस माणसे असताना मध्यम आकाराचा फरकही निसटून जाऊ शकतो. समानता सिद्ध करायची तर चाचणी आधीपासून तशी आखावी लागते, माणसेही जास्त लागतात.

तिसरे, त्रासाची तुलना. बाकुचिऑलवाल्यांनी दोनदा क्रीम लावले, म्हणजे ओलावाही दुप्पट वेळा मिळाला. उलट रेटिनॉलवाल्यांनी पहिल्या दिवसापासून 0.5 टक्के रोज लावले. एरवी त्वचारोगतज्ज्ञ सुरुवातीला आठवड्यातून दोन-तीन रात्रीच लावायला सांगतात. बाकुचिऑल सौम्य आहे हे मला पटते, पण या चाचणीत रेटिनॉलला जरा अवघड वाटेने चालवले गेले एवढे खरे. आणि सौम्य म्हणजे कोणालाच त्रास नाही असे नव्हे. बाकुचिऑलच्या क्रीममुळे अॅलर्जीचा त्वचादाह झाल्याची रुग्णनोंद वैद्यकीय नियतकालिकात आलेली आहे. कानामागे किंवा कोपराच्या आत चार-पाच दिवस लावून बघणे म्हणूनच शहाणपणाचे.

आता लेबल. चाचण्यांत वापरलेले प्रमाण 0.5 टक्के, हा आकडा हाताशी धरून बाटली फिरवून पाहा. समजा पुढच्या बाजूला '2% बाकुचिऑल कॉम्प्लेक्स' असे छापले आहे. कॉम्प्लेक्स म्हणजे मिश्रण, आणि टक्केवारी मिश्रणाची आहे. त्या मिश्रणात बाकुचिऑल चौथा हिस्सा असेल तर बाटलीत 0.5 टक्के, म्हणजे चाचणीइतके. दहावा हिस्सा असेल, बाकी स्क्वालेन आणि वनस्पतींचे अर्क, तर 0.2 टक्के, म्हणजे निम्म्याहून कमी. पुढचा मोठा आकडा दोन्हींत तोच राहतो. '1% बाकुचिऑल' असे साधे लिहिलेले असेल तर ते जास्त सरळ.

मागची घटकांची यादी थोडी मदत करते. एक टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने लिहायचे असतात, एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले कोणत्याही क्रमाने. फेनॉक्सिइथेनॉल हे टिकाऊपणासाठी घालायचे द्रव्य एक टक्क्याहून जास्त घालता येत नाही, म्हणून यादीत ते आले की सीमा आली असे समजायचे. बाकुचिऑल त्याच्या मागे असेल तर ते 0.9 टक्के असू शकते, नाही तर 0.01 टक्केही. यादी एवढेच सांगते. उत्पादकाला विचारल्यावर त्याने शुद्ध द्रव्याचे प्रमाण सांगितले नाही, तर मी त्या बाटलीसाठी जास्त पैसे मोजणार नाही.

यादीतले नाव मात्र बारकाईने वाचावे. 'बाकुचिऑल' लिहिले असेल तर शुद्ध केलेले द्रव्य. 'सोरालिया कोरिलिफोलिया सीड एक्स्ट्रॅक्ट' किंवा 'सीड ऑइल' लिहिले असेल तर तो बावचीचा अर्क किंवा तेल, आणि त्यातून सोरॅलेन काढले आहे की नाही हे लेबलवरून कळत नाही. वर सांगितलेले अभ्यास शुद्ध बाकुचिऑलचे होते, त्यांचा आधार अर्काला लागू होत नाही. आयुर्वेदिक दुकानात मिळणारे बावचीचे तेल तर या कामाचेच नाही. 'बाकुचिऑल यातच असते' म्हणून कोणी ते चेहऱ्याला लावून दुपारच्या उन्हात निघाले, तर सीरमची गोष्ट बाजूला राहील आणि वैद्यांनी पूर्वीच सांगितलेले फोड उठतील.

'गरोदरपणात सुरक्षित' या दाव्याचा पाया असा की हे अ जीवनसत्त्व नाही, त्यामुळे रेटिनॉइडचा धोका इथे नाही. तर्क म्हणून ठीक. पण वरच्या अभ्यासांपैकी एकही गरोदर स्त्रियांमध्ये केलेला नव्हता, म्हणून डॉक्टरांना बाटली दाखवून विचारावे.

हा प्रश्न येत्या काळात जास्त वेळा पडेल असे दिसते. युरोपीय संघाने 2024च्या नियमाने चेहऱ्याच्या उत्पादनांत रेटिनॉलची मर्यादा 0.3 टक्के आणि अंगाला लावायच्या लोशनमध्ये 0.05 टक्के ठरवली आहे. नव्या उत्पादनांना ती 1 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली, दुकानातल्या जुन्या मालाला 1 मे 2027 पर्यंत मुदत आहे, आणि लेबलवर 'यात अ जीवनसत्त्व आहे' अशी सूचना छापावी लागते. ज्या चाचणीवर बाकुचिऑलची सारी 'बरोबरी' उभी आहे, तिच्यातले 0.5 टक्के रेटिनॉलचे क्रीम त्या नियमानुसार तिथे चेहऱ्यासाठी नव्याने बाजारात आणता येणार नाही.