लेहला पाणी धो धो उकळतं, पण डाळ शिजत नाही

मागच्या वर्षी लेहला गेलो तेव्हा सोबत आणलेली तूरडाळ होमस्टेच्या किचनमध्ये साध्या पातेल्यात लावली. पाणी मस्त खदखदत होतं, तास झाला तरी डाळ टणकच. घरमालकीण आमाले (तिकडे आईला असंच म्हणतात) हसल्या आणि कुकर काढून दिला. गॅस कमी होता असं नाही, पाणीच पुरेसं गरम नव्हतं.

आता हे कसं, तर हवेला वजन असतं. समुद्रकिनारी एक चौरस मीटर जागेवर, म्हणजे साधारण कॅरम बोर्डापेक्षा थोड्या मोठ्या जागेवर, वरच्या सगळ्या हवेचं मिळून जवळजवळ १० टन वजन असतं. तुम्ही वर चढलात की खाली राहिलेली हवा हिशोबातून गेली, डोक्यावर फक्त उरलेली. लेह आहे साधारण ३५०० मीटरवर, तिथे हे वजन साडेसहा टनांच्या आसपास उरतं. आणि हा दाब सारख्या टप्प्यांनी उतरत नाही. गाद्यांची चळत असते ना, सगळ्यात खालची गादी वरच्यांच्या भाराने चेपलेली असते, तसं हवेचं आहे. खालची हवा दाट, त्यामुळे पहिल्या किलोमीटरलाच दाब जास्त घटतो आणि साधारण साडेपाच किलोमीटरवर निम्मा होतो, म्हणजे खारदुंग ला खिंडीत तुम्ही निम्म्या वातावरणाच्या जवळपास वर आलेले असता.

हे पहिल्यांदा मोजलं फ्रान्समध्ये, १६४८ साली. शास्त्रज्ञ पास्कलने आपल्या मेहुण्याला, पेरियेला, पाऱ्याची नळी घेऊन प्यूय द दोम डोंगरावर पाठवलं, वर गेल्यावर पारा जवळपास ८ सेंटीमीटर खाली आला. (स्वतः नाही गेला, मेहुण्याला पाठवलं, हे मला फार आवडतं.)

आता डाळ. पाणी उकळतं म्हणजे त्याच्या वाफेचा जोर बाहेरच्या हवेच्या दाबाइतका होतो आणि आतूनच बुडबुडे यायला लागतात. बाहेरचा दाबच कमी, तर हे लवकर जमतं. मुंबईत १०० डिग्रीला, कळसूबाईच्या माथ्यावर ९४-९५ला, लेहमध्ये साधारण ८८ला. एकदा उकळी आली की गॅस कितीही मोठा करा, पाणी त्याच्या वर तापत नाही, नुसती वाफ जास्त होते. कुकर शिटीच्या वजनाने बाहेरच्या दाबावर आणखी साधारण समुद्रकिनारच्या हवेइतका दाब चढवतो, म्हणून मुंबईत आत १२० डिग्री होते, तर लेहला ११४-११५. म्हणजे कुकरमध्येही दोन शिट्या जास्तच लागणार, पण शिजतं.

श्वासाचं पण मूळ हेच आहे, फक्त इथे एक गैरसमज सगळ्यांचा असतो. "वर ऑक्सिजन कमी असतो" म्हणतात, पण हवेतला त्याचा वाटा तिथेही २१ टक्केच आहे. कमी झालाय तो दाब, जो ऑक्सिजनला फुफ्फुसातून रक्तात ढकलतो. त्यात आणखी एक भानगड आहे. श्वास आत गेला की तो ओला होतो, आणि शरीर ३७ डिग्रीलाच असल्यामुळे त्या वाफेचा दाब मुंबईत काय आणि एव्हरेस्टवर काय तेवढाच, पाऱ्याचे ४७ मिलीमीटर. मुंबईत ७६० मधून ४७ गेले तर कळतही नाही. एव्हरेस्टच्या माथ्यावर १९८१ मध्ये मोजलेला दाब २५३ होता, त्यातून ४७ गेले की २०६, आणि त्याचा २१ टक्के म्हणजे जेमतेम ४३. मुंबईत हाच आकडा १५० च्या आसपास असतो.

शरीर मग जोरजोरात श्वास घेतं, त्यात कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर जातो, आणि झोपेत मेंदूला श्वास घ्यायचा इशारा तोच देत असल्याने श्वास मध्येच थांबतो आणि माणूस दचकून उठतो. पहिल्या रात्री मी असा तीनदा उठलो, घाबरलो होतो, पण हे बऱ्याच जणांना होतं. डोकं दुखणं, मळमळ असेल तर आणखी वर जायचं नाही. पण बसल्या जागी धाप लागली, किंवा चालताना दारू प्यायल्यासारखा तोल जायला लागला, तर उद्याची वाट बघायची नाही, लगेच खाली उतरायचं.

आणि सूर्याच्या जवळ जाऊनही थंडी का? ऊन आधी जमीन तापवतं, जमीन हवेला. तापलेली हवा उतारावरून वर चढते, वर दाब कमी म्हणून पसरते, आणि पसरायला स्वतःचीच उष्णता खर्च करते, कोरडी हवा दर किलोमीटरला जवळपास १० डिग्री थंड होते. थोडी ओल असली की तिचे ढग होतात. म्हणून सकाळी निळंशार असलेलं आकाश दुपारी खिंडीवर भरून येतं आणि कधी जूनमध्येही बर्फ पडतं. आमचा ड्रायव्हर सहालाच हॉर्न वाजवत होता, आम्ही चहाचं निमित्त करत बसलो, आणि परतताना खारदुंग लाच्या आधी बर्फात दोन तास अडकलो.