फळीवरच्या चिठ्ठीतला बारीक आकडा

पुतण्या नोकरीनिमित्त फ्रान्सला ल्योंमध्ये आहे. घरच्या ग्रुपवर तो पोरांच्या फोटोंपेक्षा सुपरमार्केटच्या फळ्यांचे फोटो जास्त टाकतो. परवाच्या फोटोत जॅमच्या बाटल्या होत्या. बाटलीखाली चिठ्ठी, चिठ्ठीवर ठळक 2,29 युरो (तिकडं दशांश चिन्हाच्या जागी स्वल्पविराम देतात) आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात 6,74. वहिनींनी लगेच विचारलं, "एका बाटलीला दोन दर कसे?" आणि खाली पिवळ्या कागदावर ‘दोनवर एक फुकट’ बघून, "एकावर एक का नाही रे देत ते लोक?"

दोन्ही प्रश्नांमागं बराच इतिहास आहे.

बारीक आकडा म्हणजे किलोचा दर. बाटली 340 ग्रॅमची आहे, 2.29 ला 0.34 नं भागलं की 6.74 येतात. शेजारी त्याच जॅमची 450 ग्रॅमची बाटली 2.79 ला होती, तिचा किलोचा दर 6.20. म्हणजे मोठी बाटली स्वस्त. हे कोल्हापूरकराला नवं वाटायचं कारण नाही. आपण भाजीवालीला "भेंडी कशी दिली?" विचारतो तेव्हा उत्तर किलोचं किंवा पावशेराचंच येतं. मार्केट यार्डात गुळाचा सौदा निघतो तो क्विंटलवर. गुळाची ढेप, म्हणजे रवा, केवढाही असो, दर क्विंटलचाच बोलतात. सुट्ट्या मालात वजनाचा दर आधी आणि बिल नंतर. पाकिटानं हा क्रम उलटा केला. पाकिटाचा दर समोर आला आणि किलोचा दर गिऱ्हाइकानं मनात काढायचा, असं झालं.

अमेरिकेत ही अडचण आधी आली, कारण स्वतःच्या हातानं माल उचलायचं दुकान तिथंच सुरू झालं. 1916 मध्ये मेम्फिस शहरात क्लॅरेन्स साँडर्स यांनी ‘पिगली विगली’ काढलं. विचारायला गल्ल्यामागं दुकानदार उरला नाही, म्हणून प्रत्येक वस्तूवर किंमत लावणं भाग पडलं. पुढं पाकिटांची वजनं इतकी आडनिडी झाली की कुठलं स्वस्त हे सांगणं अवघड होऊन बसलं. 1966 मध्ये तिथं वेष्टन आणि लेबलांचा कायदा झाला. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्या ग्राहकविषयक सल्लागार एस्थर पीटरसन या त्यासाठी झटणाऱ्यांपैकी एक होत्या. 1970 मध्ये त्या सरकारातून नव्हे, तर वॉशिंग्टन भागातल्या ‘जायंट फूड’ या दुकानांच्या साखळीतून कामाला लागल्या आणि तिथल्या फळ्यांवर वजनामागचा दर लागला. त्याच सुमारास मॅसॅच्युसेट्स राज्यानं तो सक्तीचा केला. 1974 मध्ये बारकोड आला. मग प्रत्येक डब्यावर किंमत चिकटवायचं काम हळूहळू संपलं आणि किंमत डब्यावरून उतरून फळीवर गेली.

युरोपात 1998 च्या निर्देशानं विक्रीच्या किमतीसोबत किलोचा किंवा लिटरचा दर दाखवणं बंधनकारक झालं. यातला खरा मुद्दा फारसा कुणी सांगत नाही. त्याआधी तिथं बऱ्याच मालाची वजनं ठरवून दिलेली होती. पाकिटं 250, 500, 1000 अशीच असतील तर हिशेब डोळ्यांनी होतो, वेगळा आकडा कशाला लागतो? 2009 पर्यंत युरोपनं बहुतेक मालाची ही ठरावीक वजनं काढून टाकली. वजन मोकळं सोडलं आणि त्याच्या बदल्यात बारीक आकडा दिला, असा तो सौदा आहे. आकडा कुठल्या एककात द्यायचा यावर मात्र घोळ राहिला. जर्मनीत लहान पाकिटांना 100 ग्रॅमचा दर चालायचा आणि शेजारच्या मोठ्या पाकिटाला किलोचा. 2022 पासून तिथं सगळ्यांना किलो किंवा लिटर हेच एकक आहे.

आता वहिनींचा दुसरा प्रश्न. फ्रान्समध्ये खाद्यपदार्थांवर ‘एकावर एक’ देता येत नाही, कारण 1 जानेवारी 2019 पासून तिथं अशा मालावरची सवलत 34 टक्क्यांपुरती बांधली आहे. एकावर एक म्हणजे सरळ 50 टक्के. दोनवर एक म्हणजे 33.3, ते जेमतेम बसतं. त्याआधीच्या वर्षी एका चॉकलेट स्प्रेडवर 70 टक्के सूट लागली होती आणि दुकानांत ढकलाढकली, मारामाऱ्या झाल्या होत्या. पण कायद्यामागचं मुख्य कारण शेतकरी होते: दुकानं किंमत पाडत गेली की भार शेवटी दूध आणि मांस पिकवणाऱ्यावर येतो. दुधाच्या आणि उसाच्या दरासाठी रस्त्यावर उतरणाऱ्या जिल्ह्याला हे वेगळं समजवायला नको. आता पुतण्याच्या जॅमचा हिशेब पुरा करू. लहान बाटली दोनवर एक घेतली तर 4.58 युरोत 1020 ग्रॅम मिळतो, म्हणजे किलोला 4.49. मोठी बाटली मागं पडली. ठळक किमतीखालचा 6.74 मात्र एका बाटलीचाच होता. तीन बाटल्या संपवणार कोण, हा वेगळा विषय.

आपल्याकडं ही चिठ्ठी अशी का नाही? कारण आपल्याकडं किंमत फळीवर नसते, पाकिटावर असते. सगळे कर धरून जास्तीत जास्त किंमत पाकिटावर छापायचा नियम 1990 चा. युरोप-अमेरिकेत असं छापत नाहीत, तिथं किंमत दुकान ठरवतं आणि तेच फळीवर लिहितं. म्हणून नोव्हेंबर 2021 मध्ये आपले पॅकिंगचे नियम बदलले तेव्हा वजनामागचा दरही कंपनीनं पाकिटावरच छापायचा ठरला. सौदा इथंही तोच होता. चहा, बिस्किटं, खाद्यतेल अशा मालाची ठरावीक वजनांची यादी त्याच बदलात रद्द झाली. अंमल एप्रिल 2022 पासून होता, तो पुढं ढकलला गेला. आता दर येतो, पण एक किलोच्या आतल्या पाकिटाला ग्रॅमचा आणि त्यावरच्याला किलोचा, रुपयांत दोन दशांश स्थळांपर्यंत.

ही दोन स्थळंच घात करतात. तेलाची एक पिशवी 910 ग्रॅमची, 140 रुपयांची धरा. ग्रॅमचा दर 0.1538, छापला जाणार 0.15. दुसरी 850 ग्रॅमची, 132 रुपयांची. दर 0.1553, छापला जाणार 0.16. छापील आकड्यावरून किलोमागं दहा रुपयांचा फरक वाटतो, खरा फरक दीड रुपयाचासुद्धा नाही. आता तीच 850 ची पिशवी 137 ला असती तर ग्रॅमला 0.1612, म्हणजे छापील पुन्हा 0.16. पाच रुपये वाढले आणि आकडा हललाच नाही. शंभर ग्रॅमचा दर छापला असता तर 15.38, 15.53 आणि 16.12 असे तिन्ही वेगळे दिसले असते.

त्यात हा दर छापील किमतीवर काढलेला. दुकानानं कमी लावलं किंवा ‘एकावर एक फ्री’चा फलक टांगला, तर पाकिटावरचा आकडा त्या दिवसापुरता जुना होतो. परवा एका मोठ्या दुकानात वहिनी फोनवर भागाकार करत तेलाच्या रॅकपुढं उभ्या होत्या. शेजारचे एक आजोबा पिशवी हातात तोलत पोराला विचारत होते, "ते राहू दे रे, किलोला किती पडलं ते सांग." पोरानं पिशवी उलटीपालटी करून पाहिली आणि म्हणाला, "आजोबा, यावर ग्रॅमचं लिहिलंय."