हजार टर्म्स घ्या, स्क्वेअर वेव्हचं शिंग काही जात नाही

स्क्वेअर वेव्ह म्हणजे अगदी साधा प्रकार, x शून्य ते π असताना किंमत १, −π ते शून्य असताना −१, आणि पुढे तेच परत परत. शून्यापाशी ती एकदम −१ वरून १ वर उडी मारते. आता ही अशी तुटक गोष्ट नुसत्या गुळगुळीत साइन वेव्हज मिसळून बनवता येते, हे फूरियेने १८२२ च्या पुस्तकात मांडलं, आणि सिरीज अशी दिसते:

(4/π) · [ sin x + (sin 3x)/3 + (sin 5x)/5 + … ]

आधी उडीच्या जागी काय होतं ते बघू, कारण ते लगेच संपतं. x = 0 टाका, प्रत्येक साइन शून्य, म्हणून कितीही टर्म्स घेतल्या तरी बेरीज शून्यच. म्हणजे सिरीज ना १ ची बाजू घेते ना −१ ची, बरोब्बर मधे थांबते. डिरिक्लेने १८२९ मध्ये सिद्ध केलं की फंक्शन फार वेडंवाकडं नसेल तर उडीपाशी नेहमी हेच होतं, डावीकडची आणि उजवीकडची किंमत यांची सरासरी मिळते.

खरी गंमत उडीच्या जरा बाजूला आहे. ग्राफ काढला की दिसतं, बेरीज १ वर येऊन थांबत नाही, आधी वर एक शिंग काढते आणि मग खालीवर हलत १ कडे येते. कोणालाही वाटेल की टर्म्स वाढवल्या की हे शिंग जिरेल. हिशोब करून बघा. n टर्म्सच्या बेरजेचं डेरिव्हेटिव्ह काढलं तर (2/π) · sin(2nx)/sin x येतं, ते शून्यानंतर पहिल्यांदा x = π/2n ला शून्य होतं, म्हणजे शिंगाचं टोक तिथे. एक टर्म घेतली तर टोक π/2 ला, उंची 4/π म्हणजे १.२७३. दोन टर्म्स, टोक π/4 ला, उंची १.२००. तीन घेतल्या की π/6 ला sin 30° = ०.५, त्यात १/३ आणि ०.५/५ मिळवा, ०.९३३३ होतात, त्याला 4/π ने गुणलं की १.१८८. उतरतंय खरं, पण उतरण्याचा वेग बघा, आधी सात शतांश, मग जेमतेम एक. आणि पुढे ते १.१७९ पाशी अडकतं, त्याच्या खाली कधीच जात नाही!

हाच आकडा का? टोकाच्या जागी ती बेरीज नीट मांडली तर दिसतं की ती म्हणजे (sin t)/t या वक्राखालचं शून्य ते π एवढं क्षेत्रफळ, n सारख्या पट्ट्या पाडून, प्रत्येक पट्टीच्या मधली उंची घेऊन मोजलेलं, आणि वर 2/π ने गुणलेलं. n वाढवलं की पट्ट्या बारीक होतात आणि बेरीज खऱ्या क्षेत्रफळाकडे जाते, ते आहे १.८५१९, गुणिले 2/π म्हणजे १.१७९०. टर्म्स वाढवून आपण शिंग कापत नसतो, फक्त हे क्षेत्रफळ जास्त अचूक मोजत असतो. उडी २ ची, वरचा भाग ०.१७९, म्हणजे उडीच्या जवळपास ९ टक्के.

मग सिरीज प्रत्येक बिंदूवर बरोबर किंमत देते हे खोटं का? नाही, दोन्ही खरं आहे, आणि मला या विषयात सगळ्यात आवडणारी जागा हीच. x = 0.1 हा बिंदू पकडा आणि तिथून हलू नका. १६ टर्म्सना शिंग नेमकं तिथून जातं, किंमत १.१८. ३१ टर्म्सना मागचा खड्डा येतो, ०.९०. ४७ ला परत थोडा उंचवटा, १.०७. ५०० टर्म्स झाल्या की चूक एका टक्क्याच्या आत. शिंग तोवर π/1000 ला पोचलेलं असतं, उडीला अजून चिकटून. कुठलाही बिंदू धरा, शिंग कधी ना कधी त्याला ओलांडून पुढे जातंच, पण प्रत्येक n साठी ते कुठेतरी असतंच. बिंदूगणिक लिमिट बरोबर, सगळीकडची एकत्र सर्वात मोठी चूक मात्र कमी होत नाही.

याला गिब्सचं नाव आहे, त्याने १८९९ मध्ये यावर लिहिलं, पण हेन्री विल्ब्रहॅम नावाच्या इंग्लिश माणसाने हे १८४८ मध्येच छापलं होतं आणि कोणाचं फार लक्षच गेलं नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

शिंग घालवायचंच असेल तर उपाय आहे, फेयेरने १९०० मध्ये दिलेला. शेवटची बेरीज न घेता आतापर्यंतच्या सगळ्या बेरजांची सरासरी घ्यायची. ती १ च्या वर कधीच जात नाही. बदल्यात उडीचा चढ तेवढ्याच टर्म्समध्ये जास्त पसरट होतो, त्यामुळे कडा तीक्ष्ण हवी की शिंग नको, ते आपल्याला ठरवावं लागतं.