मुदत संपली की काय? संविधान सभेतली भाषेची वाटाघाट

भारतीय संविधानाच्या कलम ३४३ मध्ये तीन उपकलमं आहेत. पहिलं सांगतं की संघराज्याची राजभाषा देवनागरी लिपीतली हिंदी असेल. दुसरं सांगतं की तरीही पुढची पंधरा वर्षं इंग्रजी पूर्वीसारखीच चालू राहील. आणि तिसरं सांगतं की पंधरा वर्षांनंतरही इंग्रजी वापरायची असेल, तर संसदेला तसा कायदा करता येईल. एका हाताने दिलेलं दुसऱ्या हाताने लांबणीवर टाकलं आणि तिसऱ्या वाक्यात ते परत घेण्याचीही सोय करून ठेवली, असं पहिल्या वाचनात वाटतं. प्रत्यक्षात ही तीन उपकलमं म्हणजे तीन गटांच्या ताकदीचा नेमका हिशेब आहे. संविधान सभेत वाटाघाट कशी होते आणि ती मजकुरात कशी उतरते, हे समजून घ्यायला याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

एरवी कलम तयार होण्याची वाट ठरलेली होती. आधी समित्यांनी तत्त्वं ठरवायची, सभेने त्यांना मंजुरी द्यायची, मग सल्लागार बी. एन. राव यांच्या मसुद्यावर डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखालच्या मसुदा समितीने काम करायचं आणि शेवटी सभेत एकेका कलमावर दुरुस्त्या मांडून मतं घ्यायची. सभेत काँग्रेसचं मोठं बहुमत होतं. त्यामुळे वादाची कलमं आधी पक्षाच्या बंद बैठकीत घासूनपुसून घेतली जात आणि मगच सभागृहात येत. घटनानिर्मितीच्या अभ्यासकांनी या दोन जागांमधला फरक अनेक देशांत टिपला आहे. खुल्या सभागृहात माणसं तत्त्वांची भाषा बोलतात, कारण ऐकणारे हजारो असतात आणि एकदा जाहीर घेतलेल्या भूमिकेवरून मागे येणं अवघड असतं. बंद खोलीत ‘तुम्ही हे सोडा, आम्ही ते सोडतो’ असं म्हणता येतं. अमेरिकेची घटना लिहिणारी १७८७ ची फिलाडेल्फियाची परिषद तर सगळीच दारं लावून झाली.

भाषेच्या प्रश्नाने मात्र ही वाट मोडली, कारण इथे पक्षच आतून दुभंगला होता. सभासद प्रांतांच्या विधिमंडळांनी लोकसंख्येच्या प्रमाणात निवडून दिलेले होते. संयुक्त प्रांताचे ५५, बिहारचे ३६, मध्यप्रांत-वऱ्हाडचे १७. हिंदीचा आग्रह मुख्यतः या भागांतून येत होता. समोर एकट्या मद्रास प्रांताचे ४९ होते, शिवाय बंगाल, मुंबई आणि संस्थानांचे प्रतिनिधी. कुठल्याच बाजूला निर्विवाद बहुमत नव्हतं. म्हणून हा प्रश्न पुन्हा पुन्हा पुढे ढकलला गेला आणि १९४९ च्या सप्टेंबरपर्यंत, म्हणजे जवळपास सगळं संविधान मंजूर होत आल्यावरही, तो शिल्लक होता. अवघड गाठ शेवटी ठेवण्यात एक फायदा असतो. तोवर इतकं काम झालेलं असतं की एका प्रश्नापायी सगळं उधळून लावण्याची कुणाची तयारी नसते.

१२ सप्टेंबरला चर्चा सुरू झाली तेव्हा दुरुस्त्यांची संख्या तीनशेच्या घरात होती. अध्यक्ष राजेंद्रप्रसाद यांनी सुरुवातीलाच बजावलं की एखादा प्रस्ताव बहुमताने मंजूर करून घेतला, पण तो उत्तरेतल्या किंवा दक्षिणेतल्या मोठ्या समाजाला मान्य नसला, तर संविधान अमलात आणणंच कठीण होईल. स्वतः हिंदीचे पुरस्कर्ते असलेल्या अध्यक्षांनी हे सांगितलं, याला मी फार महत्त्व देतो. नुसती मतं मोजून इथे भागणार नाही, हे त्यांनी खेळाच्या नियमासारखं आधीच ठरवून टाकलं.

सभेपुढे आलेला मसुदा कन्हैयालाल मुन्शी आणि एन. गोपालस्वामी अय्यंगार यांच्या नावाने ओळखला जातो. एक हिंदीकडे झुकलेले, दुसरे दक्षिणेचे, दोघेही मसुदा समितीचे सभासद. हा मसुदा म्हणजे तडजोड आहे, हे अय्यंगार यांनी सभागृहात लपवलं नाही. आता त्या तडजोडीच्या आत डोकावू.

कुठल्याही वाटाघाटीत पहिला प्रश्न असा: काहीच ठरलं नाही, तर काय होईल? ज्याला त्या स्थितीत कमी त्रास, त्याची बाजू वरचढ. भाषेचा निर्णय झाला नसता, तर कारभार इंग्रजीत चालू होता तसाच राहिला असता. याचा तोटा हिंदीवाल्यांना होता. म्हणून निर्णय हवा होता तो मुख्यतः त्यांना आणि त्यासाठी किंमत मोजावी लागणार होती तीही त्यांनाच. त्यांनी मोजलेली किंमत म्हणजे पंधरा वर्षं.

पण त्या बदल्यात त्यांनी जे मिळवलं ते चटकन लक्षात येत नाही. कलम ३४३ नुसार पंधरा वर्षांनंतर संसद गप्प बसली, तर इंग्रजी आपोआप जाणार होती. म्हणजे १९४९ मध्ये स्वस्थ बसल्याने इंग्रजी टिकत होती, तर १९६५ मध्ये स्वस्थ बसल्याने ती संपणार होती. बहुमत जमवण्याचं ओझं एका बाजूच्या खांद्यावरून दुसऱ्या बाजूच्या खांद्यावर गेलं. बिगरहिंदी सभासदांनी हे पत्करलं, कारण तिसऱ्या उपकलमाने त्यांना दार उघडं ठेवलं होतं. ‘संसदेला कायद्याने तरतूद करता येईल’ हे शब्द भारतीय संविधानात जिथे जिथे येतात, तिथे सभेने पुढच्या कुणाच्या तरी हाती निर्णय सोपवलेला असतो. कधी कारण निव्वळ प्रशासकीय असतं, तर कधी आज एकमत होत नव्हतं हे. मुदत, आयोग आणि ‘संसद ठरवील तोपर्यंत’ या तिन्ही गोष्टी जवळजवळ दिसल्या की तिथे वाटाघाट झाली होती असं बहुधा खुशाल समजावं. भाषेच्या प्रकरणात तिन्ही आहेत. कलम ३४४ मध्ये पाच आणि दहा वर्षांनी आयोग नेमण्याची तरतूदही आहे.

आता त्याच प्रकरणातलं कलम ३४८ पाहा. सर्वोच्च न्यायालय, उच्च न्यायालयं आणि कायद्यांचे अधिकृत मजकूर यांची भाषा इंग्रजी राहील, ‘संसद कायद्याने अन्य तरतूद करीपर्यंत’. इथे मुदत नाही. संसद गप्प राहिली तर इंग्रजी कायम. कार्यालयीन भाषेत गप्प बसण्याचा फायदा हिंदीला, न्यायालयीन भाषेत इंग्रजीला. एकाच दस्तऐवजात शेजारी शेजारी दोन उलट नियम आले, कारण न्यायालयांच्या बाबतीत कायद्याची भाषा मोडली तर निवाड्यांची सगळी घडीच विस्कटेल ही भीती खूप सभासदांना पटत होती. सर्वोच्च न्यायालय आजही इंग्रजीत चालतं, त्यामागे हेच साधं वाक्य आहे.

सर्वांत कडवी झुंज झाली ती अंकांवरून. मसुद्यात हिंदी देवनागरीत, पण आकडे मात्र १, २, ३ असे नव्हेत, तर जगभर चालणाऱ्या रूपातले होते. पुरुषोत्तमदास टंडन यांच्यासारख्यांना हे अजिबात मान्य नव्हतं. लिपी आपली आणि अंक परके, हे त्यांच्या मनाला लागलं होतं. दक्षिणेकडच्या सभासदांचं म्हणणं होतं की हिशेब, आकडेवारी आणि व्यापार याच अंकांत चालतो, आणि भाषा व लिपी दोन्ही सोडल्यावर निदान एवढं तरी आम्हाला राहू द्या. हा वाद क्षुल्लक होता असं अनेकदा लिहिलं जातं. मला तसं वाटत नाही. भाषेचा मुख्य निकाल लागल्यावर कुणी कुणाला किती झुकवलं, हे मोजायची जागा अंक हीच उरली होती.

१४ सप्टेंबरला सभागृहाचं काम थांबवून पुन्हा बंद दाराआड बोलणी झाली आणि संध्याकाळी प्रकरण मंजूर झालं. अंकांचं अधिकृत नाव ठरलं ‘भारतीय अंकांचं आंतरराष्ट्रीय रूप’. अंकांचा उगम भारतातला हे खरंच असल्याने हे नाव दोन्ही बाजूंना सोसवणारं होतं. सोबत राष्ट्रपतींना मुदतीच्या काळातही देवनागरी अंकांना जोडीने परवानगी देण्याचा अधिकार मिळाला, आणि पंधरा वर्षांनंतर देवनागरी अंकांबाबत संसदेला कायदा करण्याचा.

या सगळ्या देवाणघेवाणीत काहींच्या हाती देण्यासारखं काहीच नव्हतं. आदिवासी सभासद जयपाल सिंह मुंडा यांनी, भाषांची यादी असलेल्या आठव्या अनुसूचीत मुंडारी, गोंडी आणि उरांव या भाषा घालाव्यात अशी मागणी केली. त्यांचा युक्तिवाद साधा होता: या भाषा लाखो लोक बोलतात आणि त्या या भूमीत फार जुन्या आहेत. मागणी फेटाळली गेली. अनुसूचीत तेव्हा चौदा भाषा आल्या, त्यांत संस्कृतही होती. आदिवासी सभासद थोडे होते आणि त्यांच्या नकाराने कुणाचं काही अडणार नव्हतं. वाटाघाटीतून घडलेल्या मजकुराची ही खरी उणीव आहे. ज्यांना अडवता येतं त्यांची नोंद होते, ज्यांना फक्त सांगता येतं त्यांची राहून जाते. संथाळी आणि बोडो या भाषा अनुसूचीत यायला २००३ ची घटनादुरुस्ती व्हावी लागली. मुंडारी आणि गोंडी अजूनही बाहेरच आहेत.

पंधरा वर्षांचं घड्याळ मात्र चालू राहिलं. १९५५ मध्ये बाळासाहेब खेर यांच्या अध्यक्षतेखाली राजभाषा आयोग नेमला गेला. त्याच्या अहवालाला सुनीतिकुमार चटर्जी आणि पी. सुब्बरायन यांनी विरोधी टिपणं जोडली. १९६३ मध्ये तिसऱ्या उपकलमाचं दार वापरून संसदेने राजभाषा अधिनियम केला. त्यात मुदतीनंतर इंग्रजी वापरणं चालू ठेवता ‘येईल’ असं म्हटलं होतं, चालू ‘राहील’ असं नव्हे. इंग्रजी चालू राहील या नेहरूंच्या तोंडी आश्वासनावर दक्षिणेचा विश्वास होता, पण ते १९६४ मध्ये गेले आणि हाती उरला फक्त कायद्याचा मजकूर. २६ जानेवारी १९६५ जवळ आला तसा मद्रास राज्यात आंदोलनाचा भडका उडाला, माणसं मेली आणि केंद्रातल्या दोन मंत्र्यांनी राजीनामे देऊ केले.

डिसेंबर १९६७ मध्ये संसदेने अधिनियमात दुरुस्ती केली. हिंदीबरोबर इंग्रजी चालू राहील, आणि ज्या राज्यांनी हिंदीला राजभाषा केलेलं नाही त्या सर्व राज्यांच्या विधिमंडळांनी ती थांबवण्याचा ठराव केल्यावर आणि त्यानंतर संसदेच्या दोन्ही सभागृहांनीही तसाच ठराव केल्यावरच ती थांबेल, असं ठरलं. त्यामुळे गप्प बसण्याचा फायदा पुन्हा इंग्रजीकडे गेला आणि अशा राज्यांपैकी कुठलंही एक विधिमंडळ नुसतं ठराव न करून ती टिकवू शकतं.