संगणक कक्षातलं काम मध्यवर्ती साठवणुकीत: अर्ज, कागदपत्रं आणि शनिवार-रविवारचं वेळापत्रक

जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या बऱ्याच शाळांत संगणक कक्षाचं चित्र सारखंच असतं. वीसेक मशीन, सगळ्यांवर एकच ‘student’ लॉगिन, आणि मुलांचं काम ज्या त्या मशीनच्या डेस्कटॉपवर. हे काम एका सर्व्हरवर हलवताना कॉपी करणं सोपं असतं. कोणती फाइल कोणाची, हे ठरवणं अवघड. म्हणून आमच्या कक्षात आधी अर्ज, मग कॉपी.

आधीच्या एका शाळेत मी हे उलट्या क्रमाने केलं होतं. सगळ्या मशीनवरचं काम एकाच फोल्डरमध्ये ओतलं आणि ‘म्हणी.odt’ या नावाच्या दोन फाइलींपैकी एक दुसरीवर बसली. आठवीच्या मुलीने आजीकडून ऐकून लिहून घेतलेल्या अहिराणी म्हणी त्यात गेल्या. सोमवारी ती विचारत होती, “मॅडम, मनं काम कोठे गयं?” माझ्याकडे उत्तर नव्हतं.

अर्ज कोणी करायचा? चालू वर्षाच्या पटावर असलेल्या आणि कक्षात काम साठवलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याने. दहावीच्या मुलांना सर्व्हरवर जागा मिळणार नाही, कारण ती काही आठवड्यांत शाळा सोडतील. त्यांनी त्याच अर्जावर तशी खूण करून पेनड्राइव्ह आणावा. अर्जात नाव, तुकडी, जनरल रजिस्टर क्रमांक, मशीन क्रमांक आणि फाइलींची नावं लिहायची. फाइलींची नावं आठवून लिहू नका. मशीनसमोर बसून, बघून लिहा. सोबत पालकांचं संमतिपत्र हवं. वसतिगृहातल्या मुलांचे आईवडील पाड्यावर असतात, त्यामुळे त्यांचा अर्ज आठवडाभर आधी द्या, म्हणजे सुट्टीत घरी जाताना सही आणता येईल. आधारची प्रत जोडू नका, या कामाला ती लागत नाही.

पहिली कॉपी गुरुवारी, शाळा सुटल्यावर. प्रत्येक मशीनचं काम त्याच्याच नावाच्या फोल्डरमध्ये जातं, म्हणजे एकसारख्या नावांची टक्कर होत नाही. सातव्या मशीनवर आज्ञा अशी:

```
mkdir C:\copylog
robocopy C:\Users\student\Desktop \\LABSTORE\work\PC07\Desktop /E /XJ /R:2 /W:5 /UNILOG:C:\copylog\PC07.txt
```

Documents साठी हीच आज्ञा पुन्हा द्यायची, फक्त फोल्डर आणि लॉगचं नाव बदलून. `/R:2` विसरू नका. ते नसेल तर एखादी अडलेली फाइल robocopy दहा लाख वेळा, दर वेळी तीस सेकंद थांबून, पुन्हा घ्यायला बघतो आणि सगळं काम तिथेच खोळंबतं. देवनागरी नावं लॉगमध्ये नीट दिसावीत म्हणून `/UNILOG`. आणि `/MIR` वापरू नका: मूळ फोल्डर चुकून रिकामा दिला, तर तो सर्व्हरवरचं कामही पुसून टाकतो.

मशीनमागे 6 जीबी धरलं तर वीस मशीनचे 120 जीबी होतात. जुन्या 100 एमबीपीएस स्विचवर सेकंदाला जेमतेम 11 एमबी जातात, म्हणजे तीन तास. छोट्या फाइली फार असल्या तर पाच धरा. मध्येच वीज गेली तर घाबरू नका. तीच आज्ञा पुन्हा दिली की पोचलेल्या फाइली सोडून ती उरलेल्याच घेते. तरीही सर्व्हर यूपीएसवर हवा, आणि आपल्या फीडरचा देखभालीचा वार महावितरणकडे विचारून ठेवावा.

शनिवारी सकाळची शाळा सुटली की कक्षाला कुलूप. मग सगळ्या मशीनवर त्याच आज्ञा पुन्हा द्यायच्या. आता गुरुवारनंतर बदललेल्या फाइलीच जातात, त्यामुळे तासाभरात आटोपतं. प्रत्येक लॉगच्या तळाशी FAILED या रकान्यात शून्य हवा. तिथे आकडा दिसला तर लॉगमध्ये ERROR शोधा, अडलेल्या फाइलीचं नाव तिथेच मिळतं.

रविवारी सकाळी अर्ज हातात घेऊन वाटणी. अर्जावर PC07 आणि ‘म्हणी.odt’ असेल, तर PC07 मधली ती फाइल मुलीच्या रजिस्टर क्रमांकाच्या फोल्डरमध्ये कॉपी करायची. PC12 मधली त्याच नावाची फाइल दुसऱ्याच्या. एकाच मशीनवरच्या एकाच फाइलीवर दोघांनी हक्क सांगितला, तर ती दोघांनाही द्यावी. जोडीने केलेलं काम असं बरंच निघतं. मग प्रत्येक मुलाच्या नव्या लॉगिनला फक्त त्याचं फोल्डर उघडेल अशी परवानगी द्यायची.

दुपारी चारला निर्णय. प्रत्येक मशीनच्या कामातल्या दोन फाइली सर्व्हरवरून उघडून, आतला मजकूर वाचून बघायचा. नुसतं नाव दिसणं पुरेसं नाही. एकही अडली तर सोमवारी वर्ग जुन्याच लॉगिनवर भरेल आणि बदल पुढच्या शनिवारवर जाईल. तोवर जुन्या मशीनवरचं काहीच पुसलेलं नसतं, म्हणून हे जमतं. सगळं नीट उघडलं तरी तिथलं जुनं काम महिनाभर तसंच ठेवणार आहोत.

ज्यांचे अर्ज आले नाहीत त्यांचं काम सर्व्हरवर मशीन क्रमांकाच्या फोल्डरमध्ये राहील. वार्षिक परीक्षा संपेपर्यंत वर्गशिक्षकांकडे अर्ज दिला, तरी ते मिळेल.